मांडीवर साचणारा पाऊस

आमचा दादा रत्नागिरीत राहतो. घरापासून ऑफिसपर्यंतचं अंतर जेमतेम अर्धा किलोमीटर. बारा वर्षांपूर्वीच्या अपघातात त्याच्या मणक्याला इजा झाली, तेव्हापासून बेंबीच्या खाली त्याला स्पर्श कळत नाही. हात मात्र दणकट आहेत. व्हीलचेअर तो स्वतःच ढकलतो आणि कुणी मागून हात लावलेला त्याला आवडत नाही.

काही वर्षांपूर्वीच्या जुलैत, अशाच एका झडीच्या दिवशी, तो नेहमीचा रेनकोट घालून ऑफिसला पोहोचला. शर्ट कोरडा, बॅग कोरडी. टॉवेलने हात पुसून तो कामाला बसला आणि संध्याकाळी घरी आला. रात्री पलंगावर घेताना आईने गादीला हात लावला, म्हणजे खुर्चीत बसायची ती फोमची गादी. ती पिळून काढावी इतकी ओली होती. पाणी सकाळपासून तिथेच होतं आणि दादाला ते कळायचा काही मार्गच नव्हता.

दुसऱ्या दिवशी बसण्याच्या हाडांपाशी कातडीवर काळपट डाग दिसला. तो कमी होईना. मग डॉक्टर, ड्रेसिंग आणि तीन आठवडे पालथं पडून राहणं. रजा संपली. एका रेनकोटपायी हे झालं, हे आम्हाला बऱ्याच उशिरा उमगलं.

रेनकोट उभ्या माणसाचा

रेनकोट शिवणारा माणूस डोळ्यांसमोर उभं शरीर ठेवतो. उभ्या माणसाच्या अंगावरून पाणी सरळ खाली ओघळतं आणि कोटाच्या खालच्या कडेवरून जमिनीवर पडतं. बसलेल्या माणसाला मात्र मांडी असते. पोट आणि मांड्या मिळून तिथे एक खळगा तयार होतो. छातीवरून आलेलं पाणी त्यात साचतं आणि पुढच्या चेनमधून किंवा दोन मांड्यांच्या मधल्या फटीतून थेट गादीवर उतरतं. मागची बाजूही तशीच. कोटाचा मागचा भाग खुर्चीच्या पाठीच्या आत दुमडला जातो, त्यामुळे मानेवरून ओघळलेलं पाणी पाठीमागून खाली येऊन पुन्हा गादीतच मुरतं. फोम पाणी धरून ठेवतो आणि वर माणूस बसलेला, त्यामुळे वाळायला वाव नाही.

ओलाव्याने कातडी नरम पडते. त्यावर शरीराचं वजन आणि थोडं घासणं आलं की ती लवकर फाटते. ज्यांना स्पर्श कळतो ते चुळबुळ करतात, उठतात. ज्यांना कळत नाही ते तसेच बसून राहतात. वैद्यकीय पुस्तकांत या लालसर डागाचं वर्णन असतं, पण आपल्या सावळ्या कातडीवर तो लाल दिसेलच असं नाही. तो काळपट किंवा जांभळट दिसतो, हाताला आजूबाजूच्या कातडीपेक्षा गरम किंवा कडक लागतो. वजन काढल्यावर अर्ध्या तासातही तो गेला नाही, तर त्या जागेवर बसायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. कातडी सोलली असेल तर त्याच दिवशी.

छत्रीचा उपाय सगळे सुचवतात. स्वतः खुर्ची ढकलणाऱ्याला दोन्ही हात चाकांवर हवेत. मागून ढकलणाऱ्यालाही दोन्ही हात मुठींवर हवेत. आणि कोकणातला पाऊस बहुतेक वेळा आडवाच येतो.

खरं तर आमच्या भागाला हा प्रश्न जुना आहे. भात लावणारी बाई वाकलेली असते आणि तिचे दोन्ही हात चिखलात असतात. म्हणून बांबूच्या कामट्या आणि पानांचं इरलं आलं. ते डोक्यावरून पाठीवर उतरतं आणि वाकलेल्या शरीराच्याच आकाराचं असतं. उभं राहून ते घातलं तर विचित्र वाटतं. आजी हे सांगत होती तेव्हा बाबा म्हणाले, “मग बसलेल्या माणसाचं इरलं शिवू या.”

माप बसूनच घ्यायचं

परदेशात व्हीलचेअरसाठी खास केप मिळतात, आपल्याकडेही ऑनलाइन काही दिसतात. पण खुर्चीची रुंदी, हातांची उंची आणि माणसाची ठेवण यांत इतका फरक असतो की विकत घेतलेली केपही शेवटी शिंप्याकडे जातेच. आम्ही थेट शिंपीकाकांनाच घरी बोलावलं. दादा गादीसकट खुर्चीत बसला आणि काकांनी टेप धरला.

गळ्याच्या खोबणीपासून पोटावरून मांडीपर्यंत 20 इंच, मांडीवरून गुडघ्यापर्यंत 19 इंच, गुडघ्यापासून नडगीवर खाली 14 इंच. एकूण 53. आणखी 4 इंच ढिलाईसाठी, ती का ते पुढे येईलच. नडगीवर 14 इंचांवरच थांबलो, कारण त्याखाली पुढची छोटी चाकं सुरू होतात. ती 8 इंचांची आहेत आणि वळताना गरकन फिरतात. कापड त्यांच्यात गेलं तर खुर्ची जागच्या जागी अडते आणि माणूस पुढे फेकला जातो.

मागची बाजू मानेपासून खुर्चीच्या पाठीवरून बाहेर सोडायची. सगळ्यात मोठा फरक याच एका गोष्टीने पडला. मानेपासून खुर्चीच्या पाठीच्या वरच्या कडेपर्यंत 8 इंच, कडेवरून पलीकडे जायला 2 आणि पाठीमागे खाली 15. असे 25 इंच झाले. पाणी आता खुर्चीच्या मागे जमिनीवर पडतं. मात्र हा मागचा पदर दोन मोठ्या चाकांच्या मधोमध लोंबायला हवा, म्हणून खाली त्याची रुंदी 17 इंच ठेवली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून खुर्चीच्या दोन्ही उभ्या दांड्यांना वेल्क्रोच्या पट्ट्यांनी अडकवला. ढकलण्याच्या मुठींसाठी दोन चिरा ठेवल्या, कारण दादा कितीही नको म्हणाला तरी चढावर कुणाचा तरी हात लागतोच.

बाजू ठरवायला वेळ लागला. मोठं चाक जमिनीपासून 24 इंच उंच, खुर्चीचा हात साधारण 30 इंचांवर. केप हातावरून पलीकडे 3 इंच खाली उतरली की चाकाच्या वर 3 इंचांची मोकळी जागा उरते. एवढ्या जागेत चाक ढकलता येतं आणि कापड आऱ्यांत जात नाही. कापडाचा पन्ना 58 इंचांचा होता. मध्ये गळा कापला की दोन्हीकडे 29 इंच येतात, म्हणजे खांद्यावर जोड न घेता केप एकसंध तुकड्यात निघते. खांदा ही पाऊस थेट झेलणारी जागा. तिथे शिवण नसेल तर गळायची भीतीही नाही. टोपी आणि पट्ट्या धरून तीन मीटर कापड लागलं.

कापड घेताना दुकानदाराने आधी जाड प्लॅस्टिकचं दाखवलं. ते थंडीत कडक होतं आणि आत घाम साचून माणूस आतूनच ओला होतो. आम्ही आतल्या बाजूने लेप दिलेलं पातळ नायलॉन घेतलं. त्यातही घाम येतोच, पण केप खालून मोकळी असल्याने हवा खेळते. मणक्याची इजा मानेजवळ किंवा छातीच्या वरच्या भागात असेल, तर इजेखालच्या शरीराला नीट घाम येत नाही आणि दमट हवेत अंग पटकन तापतं. अशा माणसाला केप घालून आडोशाला फार वेळ बसवू नये. पोहोचताच काढावी.

झारीची परीक्षा

पहिली केप तयार झाली तेव्हा दिसायला झकास होती. पिवळा रंग, मागे चकाकणारी पट्टी. खुर्चीतला माणूस रिक्षावाल्याच्या नजरेच्या खाली असतो, म्हणून रंग भडकच हवा. दादाला लगेच बाहेर जायचं होतं, पण आईने अडवलं. आधी परीक्षा.

खुर्चीत मी बसले. गादीवर, मांड्यांखाली आणि पाठीमागे वर्तमानपत्राचे कागद ठेवले. बाबांनी झाडांना पाणी घालायची झारी घेतली आणि दहा मिनिटं माझ्यावर पाऊस पाडला. शेजारची मुलं बघायला जमली होती.

मांडीवर चक्क डबकं झालं, साधारण अर्धा तांब्या पाणी. मी जरा हलले आणि ते सगळं उजव्या बाजूने आत आलं. गळ्यापाशीही कागद ओला निघाला. त्याचं कारण काकांनी स्वतःच शोधलं. कापताना कापड सरकू नये म्हणून त्यांनी टाचण्या लावल्या होत्या. साध्या कापडात टाचणीचं भोक मिटून जातं, लेपाच्या कापडात ते कायमचं राहतं. उसवलेल्या शिलाईचंही तेच. दुसऱ्या वेळी त्यांनी टाचण्यांऐवजी कपडे वाळत घालायचे चिमटे लावले, टाका लांब ठेवला आणि गळ्याच्या शिवणीवर आतून वॉटरप्रूफ टेप चिकटवली. पुढची चेन मांडीपर्यंत होती, तीही गेली. आता गळ्यापाशी फक्त 8 इंचांची चेन आहे आणि तिच्यावर झाकणपट्टी. केप डोक्यावरून घालायची. ज्यांचे हात वर जात नाहीत त्यांच्यासाठी ती पाठीमागे उघडी ठेवून समोरून चढवता येते, इस्पितळातल्या गाऊनसारखी. मागे दोन पदर एकमेकांवर हातभर यायला हवेत, एवढंच.

डबक्यावर उपाय आजीच्या लोडातून निघाला. फोमचा एक लहान लोड, 10 इंच लांब आणि 6 इंच जाड, पोटाशी मांडीवर उभा-आडवा ठेवून पाहिला. लांबी गुडघ्यांच्या दिशेने ठेवली की वर कापडाचा कणा तयार होतो आणि पाणी दोन्ही बाजूंना घसरतं, कौलारू छपरासारखं. मघाशी जी 4 इंचांची ढिलाई ठेवली ती याचसाठी. लोड मऊच हवा. बॅग किंवा डबा ठेवला तर बधिर मांडीवर त्याची कड रुतते आणि तेही कळत नाही.

दुसऱ्या परीक्षेत कागद जवळजवळ कोरडे निघाले. राहिले हात. केपच्या बाजूखालून ते बाहेर येतात आणि चाकाचं पाणी थेट कोपरापर्यंत उडतं. आत पूर्ण रेनकोट घातला तर दादा उकडून निघाला असता. मग जुन्या रेनकोटच्या बाह्या कापून दोन्ही टोकांना सैल इलॅस्टिक घातलं. दुचाकीवाले उन्हात घालतात तशा सुट्या बाह्या झाल्या. हातात रबरी पकडीचे मोजे, कारण ओली कडी उतारावर हातातून निसटते. ओल्या टायरवर खुर्चीचा ब्रेकही घसरतो, म्हणून पावसात उतारावर नुसत्या ब्रेकच्या भरवशावर थांबायचं नाही. ब्रेकचा दांडा केपखाली झाकला जाणार नाही, हेही घालतानाच पाहून घ्यावं. बॅटरीची खुर्ची असेल तर चालवायच्या दांड्यावर पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी शिवून घेतात, म्हणजे हात आत राहूनही बटणं दिसतात.

पोहोचल्यावर केप काढायचीही एक रीत आहे. आधी गुडघ्यांकडून वर गुंडाळायची, म्हणजे साचलेलं पाणी पायांवर न येता घडीत राहतं. घाईत डोक्यावरून ओढली की सगळं पाणी मांडीवर. मग गादीखाली आणि गादीवर कोरडा टिश्यू पेपर दाबून पाहायचा. ओला निघाला तर गादी बदलायची, म्हणून दादा ऑफिसात एक जादा गादी ठेवतो. यावर प्लॅस्टिकची पिशवी ताणून चढवली तर? आम्हीही तेच केलं होतं. फिजिओथेरपिस्टताईंनी ती काढायला लावली. ताणलेलं प्लॅस्टिक शरीराला गादीत रुतू देत नाही, सगळा भार हाडांवर येतो आणि घामही साचतो. पाणी न लागणारं ताणता येणारं कव्हर आत आणि त्यावर सुती-जाळीचं कव्हर, असा त्यांचा सल्ला होता.

पायांसाठी गमबूट दादाला आवडत नाहीत. त्याची पावलं संध्याकाळी थोडी सुजतात आणि बूट निघता निघत नाहीत. तो सैल सँडल घालतो, ऑफिसात पोहोचताच पाय पुसून बोटांच्या फटी कोरड्या करतो आणि कोरडे मोजे चढवतो.

इंदूरची थंडी, आत्याची शाल

पाऊस आम्हाला कळत होता, थंडीचं आम्ही आत्याकडून शिकलो. ती इंदूरला असते. पक्षाघातानंतर तिची उजवी बाजू अधू झाली. डिसेंबर-जानेवारीत सकाळी कोवळ्या उन्हात तिचा मुलगा तिला खुर्चीतून बागेत नेतो. पायांवर तिची आवडती लोकरीची शाल, गोंड्यांची. एके दिवशी एक गोंडा पुढच्या चाकात गेला आणि खुर्ची अशी थांबली की आत्या पट्ट्यामुळेच वाचली.

मांडीवरचं पांघरूण म्हणजे लहान घोंगडी असा आपला समज असतो. पण ते बिनगोंड्याचं आणि खुर्चीच्या मापाचं हवं. आत्यासाठी 28 बाय 42 इंचांचं केलं. मांड्यांची रुंदी 15 इंच, शिवाय दोन्हीकडे मांडी आणि खुर्चीच्या बाजूची पट्टी यांच्यामध्ये खोचायला साडेसहा इंच. मांडीखाली मात्र खोचायचं नाही, घडी पडली की तिथेच रुततं. खालच्या टोकाला पावलं जातील असा 10 इंचांचा खिसा. आत फ्लीस, बाहेर तेच रेनकोटचं नायलॉन, कारण चालत्या खुर्चीत गारठ्यापेक्षा वारा जास्त झोंबतो. आजीने आधी जुन्या लुगड्यांची छोटी गोधडी पाठवली होती. घरात ती उबदार आहेच, पण बाहेर दवाने जड झाली आणि दिवसभर वाळली नाही.

तरीही पोटऱ्या गारच राहायच्या, कारण थंडी खालून येते. तेव्हा पायांची पिशवी शिवली, कमरेपर्यंत येणारी, झोपायच्या स्लीपिंग बॅगसारखी. बसलेल्या माणसाला पिशवीत पाय घालायला उचलणं अवघड, म्हणून चेन एका बाजूने थेट पावलापर्यंत उघडते. पिशवी आधी खुर्चीसमोर पसरायची, पाय त्यावर ठेवायचे आणि मग पुढचा भाग वर आणून चेन लावायची. तिचा मागचा भाग फक्त गुडघ्यामागच्या वळणापर्यंतच ठेवला आहे. बसण्याच्या जागेखाली कापडाचा एकही थर जात नाही.

सगळ्यात महागात पडलेली चूक वेगळीच होती. पिशवीत पाय लवकर गरम होईनात म्हणून भावाने आत गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवली. आत्या काही बोलली नाही, कारण त्या पायाला तिला फारसं कळत नाही. परत आल्यावर घोट्यापाशी मोठा फोड होता. पाणी उकळतं नव्हतं, हाताला नुसतं गरम लागत होतं. पण ते अर्धा तास एकाच जागी टेकून राहिलं होतं. बधिर कातडीजवळ रबरी पिशवी, विजेचा शेक, शेगडी यातलं काहीच नको.

गंमत अशी की पांघरूण उष्णता निर्माण करत नाही, असलेली धरून ठेवतं. न चालणारे पाय स्वतः फारशी ऊब तयार करत नाहीत. एकदा गारठले की कितीही गुंडाळा, तासभर गारच. म्हणून आत्याची पिशवी आता घरातच, पाय उबदार असताना चढते आणि चेन लावल्यावरच दार उघडतं. बागेत भाऊ अधूनमधून हात घालून पावलं पाहतो. परतल्यावर दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून रंग बघतो.

दादाची केप आता चौथ्या पावसाळ्यात आहे. ओली घडी करून ठेवली तर आतला लेप सुटून पापुद्रे निघतात, म्हणून ती हँगरवर सावलीत वाळते. इस्त्री कधीच नाही. मेच्या शेवटच्या रविवारी बाबा झारी काढतात आणि मी कागद ठेवून खुर्चीत बसते. यंदा मांडीखालचा कागद कोरडा होता. टोपीच्या शिवणीपाशी एक ओला ठिपका निघाला. शिंपीकाकांनी तिथली टेप खरवडून नवी लावली आणि सोमवारपासून पाऊस लागला.